थुंकीचे नमुने लॅमिनारमध्ये उघडावेत का? लॅमिनार आणि बायोसेफ्टी कॅबिनेट एकच का?

सुप्रिया_डीएमएलटी

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्याकडे टीबीसाठी थुंकीचे स्मिअर होतात आणि आता ट्रूनॅटही सुरू झालंय. सरांनी गेल्या महिन्यात एक कॅबिनेट आणलं. स्टीलचं, वरून हवा खाली येते, समोर काच अर्धी उघडी, आत यूव्हीची नळी. विकणाऱ्याने "बायोसेफ्टीच आहे" असं सांगितलं आणि सर आता सगळे नमुने त्यातच उघडायला सांगतात. मी कॉलेजात शिकले होते तेव्हा लॅमिनार वेगळं आणि बायोसेफ्टी कॅबिनेट म्हणजे बीएससी वेगळी असं काहीतरी होतं, पण नीट आठवत नाही. आतल्या हवेने माझा एप्रन पुढून हलका थरथरतो, म्हणून शंका आली. दोन्ही एकच असतात का? वेगळी असतील तर माझ्याकडे कोणतं आहे हे कसं ओळखू? लॅबमध्ये आम्ही दोघीच आहोत आणि दुसरी मुलगी पाच महिन्यांची गरोदर आहे, म्हणून विचारतेय.

रोहन_मायक्रो

काम ताबडतोब थांबवा. टीबीचा जंतू रिस्क ग्रुप तीनमध्ये येतो, म्हणजे बीएसएल-३, तिसऱ्या बायोसेफ्टी लेव्हलच्या लॅबशिवाय त्याला हात लावायचाच नाही. एम.एस्सी.ला पहिल्याच सेमिस्टरला हे शिकवतात. कॅबिनेट कोणतंही असो, साध्या खोलीत टीबीचं काम म्हणजे नियमभंग. राहता राहिला यूव्हीचा प्रश्न. तो रात्रभर चालू ठेवलात तर सकाळी निदान कॅबिनेट तरी निर्जंतुक मिळेल.

केळी_ऊतीसंवर्धन

आमच्याकडे जळगावला केळीच्या रोपांसाठी रांगेने लॅमिनार लावलेत. वर्षानुवर्षं वापरतोय, चांगला माणूस बसवला तर बाटल्यांना बुरशी लागत नाही. ताई, तुमच्या मशीनचं हेपा फिल्टर चांगलं असेल तर काही काळजी करू नका. हवा तोंडावर येते ते बरोबरच आहे, तसंच असायला हवं. बाहेरची धूळ आत जात नाही त्यामुळे. आम्ही स्पिरिटचा दिवा आतच लावून चिमटे तापवतो, तुम्हीही लावा.

विजया_मिरज

सुप्रिया, तुझी शंका रास्त आहे. टीबी कल्चरच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी केळीवाल्या दादांचं. त्यांचं मशीन त्यांच्या कामाला अगदी योग्य आहे, कारण त्यांना जपायचंय ते रोप. स्वच्छ हवा रोपावरून वाहते आणि बसणाऱ्याच्या अंगावर येते. रोपावर माणसाला होईल असं काही नसतं, म्हणून बिघडत नाही. तीच हवा टीबीच्या थुंकीवरून गेली तर जे उडेल ते थेट बसणाऱ्याच्या नाकातोंडात जाणार. खळ्यावर उफणताना वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहावं तसं ते आहे, धान्य स्वच्छ होतं आणि भुसा तुमच्या डोळ्यात. थोडक्यात, लॅमिनार नमुन्याला माणसापासून वाचवतं, माणसाला नमुन्यापासून नाही.

क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेट दोघांनाही वाचवते. तिच्या पुढच्या कडेला, काचेच्या खाली, जाळी असते. खोलीतली हवा समोरच्या फटीतून आत येते आणि लगेच त्या जाळीत खाली ओढली जाते, कामाच्या जागेपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे तू सुरक्षित. त्याच वेळी वरून हेपातून गाळलेली हवा सरळ खाली उतरते, टेबलाजवळ दुभंगते, थोडी पुढच्या जाळीत आणि थोडी मागच्या जाळीत जाते. त्यामुळे नमुनाही सुरक्षित. खाली गेलेली सगळी हवा मागच्या पोकळीतून वर चढते. नेहमीच्या ए२ प्रकारात तिच्यातली साधारण ७० टक्के परत हेपातून खाली येते आणि ३० टक्के दुसऱ्या हेपातून बाहेर पडते. जेवढी बाहेर जाते तेवढीच समोरून आत ओढली जाते. सगळं संरक्षण या जुळणीवर उभं आहे.

आता तुझ्याकडचं ओळखायचं कसं. फसगत होते ती इथेच, कारण उभं लॅमिनार समोरून अगदी बीएससीसारखं दिसतं. काच, ट्यूबलाइट, यूव्ही, सगळं तेच. पण तीन गोष्टी बघ. एक, पुढच्या कडेला लांबलचक जाळी आहे का, की टेबल सपाट पत्र्याचं आहे. दोन, स्टुलावर चढून वरच्या बाजूला हात लाव. लॅमिनार खोलीची हवा वरून आत ओढतं, म्हणून तिथे प्री-फिल्टर असतो आणि तो महिन्याभरात करडा पडतो. बीएससीच्या वर हवा बाहेर पडताना हाताला लागते. तीन, टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाड, ब्लोअर चालू कर आणि काचेच्या खालच्या कडेपाशी धर. पट्टी आत ओढली गेली तर बीएससी, तुझ्याकडे फडफडली तर लॅमिनार. कॅबिनेट रिकामी असताना कर, नमुने आत असताना नको. एप्रन थरथरतो म्हणतेस, त्यावरून मला अंदाज आलाच आहे, पण बघून सांग.

रोहन, तुझ्याशी सवडीने बोलते. तू लिहिलंस त्यातलं निम्मं बरोबर आहे.

सुप्रिया_डीएमएलटी

ताई, आत्ताच बघितलं. जाळी नाही, सपाट पत्रा आहे. वर स्पंजसारखा फिल्टर आहे आणि तो आत्ताच राखाडी झालाय. टिश्यूची पट्टी सरळ माझ्या हनुवटीकडे आली. मागच्या बाजूला एक प्लेट आहे तिच्यावर "व्हर्टिकल लॅमिनार एअर फ्लो" असं लिहिलंय. मग आता उद्या सकाळचे नमुने कुठे उघडू? बंद करायचं म्हटलं तर सर ऐकणार नाहीत, आणि रुग्ण तर येणारच.

विजया_मिरज

रोहनचं उत्तर आणि तुझं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच लिहिते.

रिस्क ग्रुप हा जंतूचा असतो. तो किती गंभीर आजार करतो, पसरतो का, त्यावर औषध किंवा लस आहे का, यावर तो ठरतो. बायोसेफ्टी लेव्हल ही जागेची आणि कामाच्या पद्धतीची असते. तिसऱ्या ग्रुपचा जंतू म्हणजे तिसरी लेव्हल असं गणित अनेक पुस्तकांत पाठ करायला देतात, पण प्रत्यक्षात लेव्हल ठरते ती तुम्ही त्या जंतूचं काय करता त्यावरून. थुंकीच्या स्मिअरमध्ये जंतू दिसायचा तर मिलिलिटरला पाच ते दहा हजार तरी असावे लागतात. आता त्याच जंतूची आठवड्यांनी वाढलेली कल्चर घ्या, एका लुपात कोट्यवधी येतील. शिवाय थुंकी चिकट असते, तिच्यातून हवेत उडतं ते कमी. कल्चरचा द्राव मात्र पिपेट झटकून सोडला तरी बारीक थेंब तासभर हवेत तरंगतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये टीबी लॅबसाठी वेगळं पुस्तक काढलं त्यात कामाप्रमाणे तीन पायऱ्या केल्या. स्मिअर आणि ट्रूनॅटसारखीच मशीनवर होणारी एक्सपर्ट चाचणी कमी धोक्याची, थुंकी प्रक्रिया करून कल्चर लावणं मध्यम, आणि वाढलेल्या कल्चरवर औषधांची संवेदनशीलता तपासणं जास्त धोक्याचं. पहिल्यासाठी चांगली हवा खेळणारं वेगळं टेबल पुरतं, दुसऱ्याला बीएससी लागते, तिसऱ्याला बीएसएल-३ धर्तीची बंदिस्त लॅब. पुढे २०२० च्या बायोसेफ्टी मॅन्युअलमध्ये त्यांनी सगळ्याच जंतूंसाठी हा धागा पकडला आणि आकड्यांच्या लेव्हल मागे ठेवून धोका मोजून उपाय ठरवायला सांगितलं.

तेव्हा सुप्रिया, तू थांबायची गरज नाही. फक्त त्या मशीनमध्ये थुंकी उघडू नकोस. ब्लोअर चालू असलेल्या लॅमिनारपेक्षा साधं टेबल तुझ्यासाठी केव्हाही सुरक्षित. खिडकीजवळचं टेबल घे. वारा पाठीमागून येऊन तुझ्यावरून, मग नमुन्यावरून आणि मग खिडकीबाहेर जाईल अशी बैठक मांड. दाराची फट आणि खिडकी समोरासमोर असली की हे जमतं, परत टिश्यूची पट्टी धरून खात्री कर. वारा खिडकीतून आत येत असेल तर ती जागा नको. स्मिअर चालू असताना छताचा पंखा बंद. आणि मुख्य म्हणजे एसीच्या बंद खोलीत हे करू नकोस, तीच हवा फिरत राहते.

कामात जपायच्या जागा मोजक्याच. डबीचं झाकण पहिल्यांदा उघडताना हवा आणि थेंब उडतात, सावकाश उघड, आधी हलवू नको. काडीने स्मिअर पसरताना घासू नको. ओला लुप ज्योतीत घातला की तडतडतो आणि तेच तुषार पसरतात, म्हणून बांबूची काडी वापर आणि ती जंतुनाशकात टाक. स्लाइड पूर्ण वाळल्याशिवाय ज्योतीवरून फिरवू नको. ट्रूनॅट किंवा एक्सपर्टमध्ये रसायन घातल्यावर जंतू मरायला लागतात. एक्सपर्टचं उदाहरण सांगते, थुंकीच्या दुप्पट रिएजंट आणि एकूण पंधरा मिनिटं, एवढ्यात जवळपास सगळे मेलेले असतात. धोका असतो तो त्याआधीच्या मिनिट-दोन मिनिटांत.

आणि एक गोष्ट कॅबिनेटपेक्षा मोठी आहे. रुग्णाला लॅबच्या आत किंवा बाथरूममध्ये खोकून थुंकी द्यायला सांगता का? तसं असेल तर आधी ते बदला. उघड्यावर, माणसांपासून दूर, हे ठिकाण हवं. स्मिअरपेक्षा समोर खोकणारा रुग्ण जास्त जंतू हवेत सोडतो.

गरोदर मुलीबद्दल: तिने थुंकी उघडण्याचं काम सध्या करू नये, स्मिअर रंगवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचं तिला द्या. टीबी झालाच तर गरोदरपणात औषधं द्यायची गुंतागुंत नको.

रोहन_मायक्रो

मॅडम, पटलं. पण मग बीएसएल-३ म्हणजे नेमकं काय वेगळं? आमच्या कॉलेजात तर "दोन दारं आणि निगेटिव्ह प्रेशर" एवढंच सांगितलं. आणि अजून एक. हेपा ०.३ मायक्रॉनपर्यंत गाळतो म्हणतात. कोरोनाचा विषाणू त्याहून लहान, ०.१ च्या आसपास. मग विषाणूसाठी बीएससीचा उपयोग काय?

प्रमोद_व्हॅलिडेशन

मी बीएससी तपासून सर्टिफाय करायचं काम करतो, महाराष्ट्रभर फिरतो. हेपाचं मी सांगतो.

०.३ ही गाळणीच्या भोकाची मर्यादा नव्हे. हेपा म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचा गुंता असतो. मोठे कण वळता न आल्याने तंतूंवर आदळतात. अगदी लहान कण हवेतल्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता तंतूला चिकटतात. दोन्हींच्या मध्ये, ०.३ मायक्रॉनच्या आसपास, निसटायची शक्यता सर्वांत जास्त. म्हणून फिल्टर सर्वांत अवघड आकारावर तपासतात आणि तिथेही ९९.९७ टक्के अडले पाहिजेत. त्याहून लहान आणि मोठे त्याहून चांगले अडतात. शिवाय विषाणू एकटा फिरत नाही, थेंबाच्या अवशेषात असतो. टीबीचे हवेतले कण तर एक ते पाच मायक्रॉनचे. हेपा काय अडवत नाही? वाफ आणि वायू. फॉर्मलिन, झायलीन आत उघडलंत तर ए२ कॅबिनेट त्याची वाफ खोलीत परत सोडेल.

पण मी पाहिलेल्या कॅबिनेटांत बिघाड फिल्टरमुळे क्वचितच निघतो. बिघडतो तो समोरचा प्रवाह. आकडे घ्या. चार फुटी कॅबिनेट, समोरचं तोंड १.२ मीटर रुंद, २० सेंटिमीटर उघडं. क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर. आत ओढला जाणारा वेग अर्धा मीटर प्रति सेकंद धरा, म्हणजे १०० फूट प्रति मिनिट. सेकंदाला ०.१२ घनमीटर हवा आत येते. आता कोणीतरी मोठी बाटली आत न्यायला काच ४० सेंटिमीटर वर केली आणि तशीच ठेवली. पंखा तोच, हवा तीच, तोंड दुप्पट. वेग पाव मीटरवर आला. जवळून एखादा माणूस लगबगीने गेला तर त्याच्या मागे उठणारा झोत याच्याहून जोरात असतो. छताच्या पंख्याची तर गोष्टच सोडा. आतलं बाहेर यायला एवढं पुरतं, आणि डोळ्यांना काही दिसत नाही.

मराठवाड्यातल्या एका लॅबमध्ये कल्चर वारंवार दूषित व्हायची म्हणून बोलावलं होतं. फिल्टर शाबूत, वेग ठीक. धुराची नळी लावली तर पुढच्या जाळीच्या डाव्या अर्ध्या भागात धूर आत जाण्याऐवजी टेबलावरून सरळ नमुन्यांकडे सरकत होता. जाळीवर नोंदवही आणि टिश्यूचं खोकं ठेवलेलं. टेक्निशियन कोपरंही तिथेच टेकवायचे. जाळी झाकली की खोलीची हवा खाली जायचं सोडून आत घुसते, आणि दुसऱ्या बाजूला आतली बाहेर पडते. वही उचलली, धूर सरळ खाली गेला. ते दूषित होणं थांबलं. तिथे काम करणारे त्या काळात काय श्वासात घेत होते हे मात्र कोणी मोजलेलं नव्हतं.

केळी_ऊतीसंवर्धन

प्रमोदभाऊ, मग बीएससीत दिवा लावायचा नाही का? दिव्याशिवाय निर्जंतुक काम होतं यावर माझा विश्वास बसत नाही.

प्रमोद_व्हॅलिडेशन

दादा, तुमच्या लॅमिनारमध्ये लावत असाल तर तो तुमचा निर्णय, तिथे धोका आगीचा आहे आणि स्पिरिटने हात ओले असताना तो खराच आहे. बीएससीत नको. ज्योतीची गरम हवा वर चढते आणि खाली उतरणाऱ्या गाळलेल्या हवेला फाडते, नेमकं ज्या जागी तुम्ही काम करता तिथे. सतत लावली तर वरच्या हेपाचा डिंकही खराब होतो. आत हवाच निर्जंतुक असताना ज्योतीचं काम उरत नाही. एकदा वापरून टाकायचे लुप किंवा विजेवर तापणारी भट्टी वापरा.

विजया_मिरज

प्रमोदने काम सोपं केलं. एक-दोन सवयी मी जोडते, आम्ही नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायचो त्या. ब्लोअर चालू करून पाच मिनिटं थांबायचं. हात आत घातले की मिनिटभर स्थिर ठेवायचे, हवा पुन्हा बसू द्यायची. काम पुढच्या जाळीपासून निदान चार इंच आत. हात आडवे हलवायचे नाहीत, आत-बाहेर करायचे तर सरळ रेषेत, सावकाश. स्वच्छ वस्तू एका बाजूला, टाकाऊ दुसऱ्या बाजूला, म्हणजे वापरलेली काडी स्वच्छ नळ्यांवरून जात नाही. टाकाऊचा डबा बाहेर ठेवून दर वेळी हात बाहेर काढायची सवय सर्वांत वाईट.

यूव्हीबद्दल रोहन, रात्रभर लावून काही साधत नाही. किरण जिथे थेट पडतात तिथेच काम करतात, नळीवर धूळ बसली की तेवढंही नाही. सावलीत काही मरत नाही. सत्तर टक्के अल्कोहोलने पुसणं त्यापेक्षा उपयोगी. हायपोक्लोराइट वापरलंस तर नंतर पुसून घे, स्टील गंजतं.

बीएसएल-३ चं विचारलंस. बीएससी हा पहिला पडदा आणि खोली हा दुसरा. बीएसएल-२ मध्ये धोका असणारं काम बीएससीत होतं, खोलीत हात धुवायची सोय, बाहेरच्यांना मज्जाव, ऑटोक्लेव्ह हाताशी, एवढं असतं. बीएसएल-३ मध्ये कॅबिनेटच्या बाहेर काही सांडलं तरी ते कॉरिडॉरमध्ये जाता कामा नये, म्हणून एकामागे एक बंद होणारी दोन दारं, हवा नेहमी बाहेरून आत वाहणारी, आणि खोलीची हवा परत न फिरवता बाहेर टाकायची. पण कॅबिनेट तिथेही तीच क्लास टू असू शकते. लोक खोलीवर कोट्यवधी खर्च करतात आणि कॅबिनेटच्या जाळीवर वही ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

किशोर_सावंतवाडी

विषय जरा वेगळा आहे पण जवळचा. आमच्या सिंधुदुर्गात २०१६ ला दोडामार्गकडे माकडताप आला. तेव्हा नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत, एनआयव्हीत जायचे. तिथे बीएसएल-४ आहे असं वाचलं. हा विषाणू एवढा घातक असेल तर आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली ताई साधे हातमोजे घालून रक्त काढायची ते कसं चालतं? घरच्यांपैकी एक तेव्हा आजारी होता म्हणून विचारतो.

विजया_मिरज

किशोरभाऊ, घरच्यांची तब्येत आता ठीक असेल अशी आशा. तुमचा प्रश्न या धाग्याचाच आहे. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. अमेरिकेच्या यादीत तो चौथ्या गटात आहे. माणसाला तो मुख्यतः गोचिडीच्या चावण्याने होतो, माणसाकडून माणसाला सहसा नाही. रक्त काढताना धोका सुई टोचण्याचा, हवेचा नाही. म्हणून हातमोजे, सुईची काळजी, आणि नमुना तीन थरांच्या पॅकिंगमध्ये पाठवणं पुरतं. पण लॅबमध्ये तोच विषाणू वाढवला, सेंट्रिफ्यूज केला, की तो हवेतूनही लागू शकतो. त्याच्यावर काम करणाऱ्यांना पूर्वी लॅबमध्ये संसर्ग झालेले आहेत. म्हणून वाढवायचं काम कडक बंदोबस्तात. आणि रक्तातून आरएनए काढताना पहिल्या रसायनातच विषाणू निकामी होतो, त्यानंतरची पीसीआर साध्या लॅबमध्ये चालते. जंतू एकच, पण प्रत्येक पायरीवर धोका वेगळा. पुण्याला पाषाणला २०१२ मध्ये बीएसएल-४ झाली, ती भारतातली पहिली.

मधुरा_लीड्स

इंग्लंडमध्ये एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये आहे. विजयाताईंचं सगळं वाचलं, पण एका मुद्द्यावर मला वेगळं सांगायचंय. इथे टीबीचा जंतू हॅझार्ड ग्रुप तीनमध्ये, आणि टीबीचा संशय असलेली थुंकी उघडायचीही झाली तर कंटेनमेंट लेव्हल तीनच्या खोलीत, कॅबिनेटमध्ये. उघड्या टेबलावर स्मिअर असं इथे कोणी ऐकूनही घेणार नाही. आणि इथे टीबीसाठी क्लास वन कॅबिनेटही खूप वापरल्या जायच्या. तिच्यात हवा फक्त समोरून आत आणि हेपातून बाहेर. नमुना वाचत नाही, पण माणूस चांगला वाचतो, शिवाय वरून येणारा प्रवाहच नसल्यामुळे बिघडायला कमी जागा. स्मिअरला नमुना जपायची गरजही तशी नसते. इथल्या मानकात बसवलेल्या जागीच आयोडाइडचे कण सोडून तपासतात, एक लाखातला एकच कण बाहेर यावा अशी अट असते. सुप्रियाच्या लॅबसाठी महागड्या क्लास टूपेक्षा साधी क्लास वन हा पर्याय कोणी का सुचवला नाही?

विजया_मिरज

मधुरा, प्रश्न चांगला आहे आणि मी तुझ्याशी पूर्ण असहमत नाही. तुमच्याकडे टीबीचे रुग्ण कमी आणि लॅब मोजक्या, म्हणून सगळं लेव्हल तीनमध्ये नेणं परवडतं. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात स्मिअर होतो, तिथे ती अट घातली तर तपासणीच बंद पडेल आणि न ओळखलेला रुग्ण घरात खोकत राहील. त्या हिशोबाने उघडं टेबल आणि चांगली हवा हे मला योग्य वाटतं. पण रोज शंभराच्या वर नमुने येत असतील, किंवा खोलीत वारा खेळतच नसेल, तर मी कॅबिनेट मागेन. क्लास वनबद्दल तुझं बरोबर आहे, फक्त इथे ती मिळणं आणि तिची तपासणी करून देणारा मिळणं हे प्रमोदच सांगू शकेल.

प्रमोद_व्हॅलिडेशन

क्लास वन माझ्या हाताखाली फार कमी आल्या. विकणारे क्लास टूच पुढे करतात. मिळाली तर स्मिअरपुरती मी तीच घेईन, पण उद्या कल्चर लावायचा विचार असेल तर नको.

सुप्रिया_डीएमएलटी

सगळ्यांचे आभार. सरांना टिश्यूची पट्टी लावून दाखवली. त्यांच्याही तोंडाकडे आली, तेव्हा ते गप्प झाले. आता थुंकी खिडकीच्या टेबलावर, लॅमिनार मीडिया ओतायला. रुग्णांना मागच्या अंगणात जायला सांगतो. विकणाऱ्याशी सर बोलताहेत.

आता सरांना ओळखीतून एक वापरलेली क्लास टू मिळतेय, ए२, सोलापूरच्या एका बंद झालेल्या लॅबची. आधी काय बघू? आणि खोली दहा बाय बाराची आहे, दार आणि एसी एकाच भिंतीला. बसेल का?

प्रमोद_व्हॅलिडेशन

उचलण्याआधी त्यांना आत काय केलं होतं ते विचारा आणि लेखी घ्या. जिवंत कल्चर केलं असेल तर फिल्टर आणि पोकळी फॉर्मलडिहाइड किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय कॅबिनेट हलवायचीच नाही, टेम्पोत हलली की आतली धूळ सुटते. समोर दाबमापक असेल, त्याचा शेवटच्या तपासणीचा आकडा मागा. फिल्टर भरत जातो तसा काटा महिन्यांनी हळूहळू वर चढतो, ते चालतं. काटा अचानक खाली आलेला असेल तर फिल्टर फाटलाय किंवा पंखा थकलाय. तुमच्याकडे बसवल्यावर पुन्हा पूर्ण तपासणी करावीच लागेल, जागा बदलली की जुनं सर्टिफिकेट चालत नाही. त्यानंतर वर्षाला एकदा. तपासणाऱ्याने नुसता वेग मोजून कागद दिला तर घेऊ नका. हेपावर तेलाच्या तुषारांची गळती चाचणी आणि समोर धुराची चाचणी, दोन्ही तुमच्यासमोर करून घ्या.

जागेचं: दाराच्या समोरच्या भिंतीला, दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, एसीचा झोत तोंडावर येणार नाही अशी. वर छतापर्यंत निदान फूटभर मोकळं, नाहीतर बाहेर पडणारी हवा कोंडते. मागून कोणी ये-जा करणार नाही हे बघा. तुमच्या वर्णनावरून एसी आडवा येणारच. त्याची झडप वर वळवून टिश्यू लावून बघा, नाही जमलं तर एसी दुसऱ्या भिंतीला न्यावा लागेल. खोलीचा नकाशा काढून, दार-खिडकी-एसीची मापं टाकून मला व्यनि करा, येत्या आठवड्यात पंढरपूरला येणार आहे तेव्हा वाटेत बघून जाईन.

सुप्रिया_डीएमएलटी

नकाशा व्यनि केलाय. एक राहिलं, छताचा पंखा बरोबर मध्यभागी आहे आणि उन्हाळ्यात लोडशेडिंगनंतर इन्व्हर्टरवर तोच चालतो, एसी नाही. बीएससी इन्व्हर्टरवर चालेल का, की वीज गेली तर काम मध्येच सोडायचं?

प्रमोद_व्हॅलिडेशन

वीज गेली की आतला प्रवाह थांबतो, पडदा संपला. झाकणं लावा, हात सावकाश बाहेर काढा, काच खाली करा. वीज आल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. इन्व्हर्टरवर चालेल का ते पंख्याच्या मोटरवर आहे, प्लेटवरचा वॅटचा आकडा पाठवा. कमी व्होल्टेजवर पंखा फिरतो पण वेग पडतो, आणि अलार्म नसलेल्या जुन्या कॅबिनेटमध्ये ते कळत नाही. चालू केल्यावर एकदा ॲनिमोमीटर लावूनच सांगता येईल.